स्टॉलचा बॅनर: अक्षराच्या मापाआधी माणूस कुठून बघतोय ते बघा

प्रश्न: आमचं पाउच पॅकिंग मशीन बनवायचं छोटं युनिट आहे. ट्रेड फेअरला ३ बाय ३ मीटरचा स्टॉल घेतलाय, रांगेतला मधला, तीन बाजू बंद. मागचा बॅनर आणि दोन स्टँडी करायच्यात. मागच्या वेळी बॅनर चांगला मोठा होता तरी लोक येऊन विचारायचे की तुम्ही नक्की करता काय. फॉन्ट किती ठेवू म्हणजे लांबून वाचता येईल?

उत्तर:

फॉन्टचा आकडा देतो, पण थोडं थांबून. कारण मागच्या वेळी तुमचा बॅनर लहान पडला असं मला वाटत नाही, तो झाकला गेला असणार. मी बरीच वर्षं स्टॉलची डिझाइनं करतोय आणि सुरुवातीची काही वर्षं मीही स्क्रीनवर बॅनर पूर्ण उघडून, वरपासून खालपर्यंत सगळा दिसतोय असं धरूनच डिझाइन करायचो. हॉलमध्ये तो तसा कधीच दिसत नाही. पुढे माणसं असतात, टेबल असतं, वर फेशियाची पट्टी असते, बाजूला भिंती असतात आणि बघणारा चालत असतो. त्यामुळे आधी बॅनरचा कुठला तुकडा कुणाला दिसतो हे काढायचं, मग त्या तुकड्यात अक्षर बसवायचं.

आता सगळं स्टॉलच्या बांधणीवर अवलंबून आहे हे आधीच सांगतो. मी इथे नेहमीचा रेडीमेड शेल धरतोय, म्हणजे भिंती अडीच मीटर उंच, पुढे वरती साधारण ३० सेंटीमीटरची फेशिया ज्यावर आयोजक कंपनीचं नाव लावून देतात, आणि पुढचा रस्ता ३ मीटर रुंद. तुमच्याकडे आयोजकांचा लेआउट आला असेल त्यावर ही मापं दिलेली असतात, नसतील तर विचारून घ्या आणि खालचे आकडे त्याप्रमाणे बदला.

समजा एक माणूस तुमच्या स्टॉलच्या बरोबर समोर १० मीटरवर उभा आहे. डोळ्यांची उंची १.५५ मीटर धरू. फेशियाची खालची कड २.२ मीटरवर आहे आणि मागची भिंत तिच्या ३ मीटर मागे. त्याच्या डोळ्यापासून फेशियाच्या खालच्या कडेला लागून एक रेघ ओढली की ती मागच्या भिंतीवर साधारण २.४ मीटरला लागते, म्हणजे बॅनरचा वरचा १० सेंटीमीटर त्याच्यासाठी नाहीच. २० मीटरवरून बघणाऱ्याचा वरचा २० सेंटीमीटर जातो. आणि आपण लोगो कुठे लावतो? अगदी वरच्या कडेला चिकटवून. आता खालून बघा. स्टॉलच्या दोन मीटर पुढे रस्त्यावर माणसं चालतायत, डोकी १.७ मीटरपर्यंत येतात. त्या डोक्यांवरून जाणारी रेघ मागच्या भिंतीवर १.८ मीटरला लागते, म्हणजे त्याच्या खालचं सगळं गर्दीच्या वेळी गायब. म्हणजे अडीच मीटरच्या बॅनरमधला १.८ ते २.४ मीटर एवढाच पट्टा लांबून कामाचा, जेमतेम दोन फूट. बाकीचा जवळ आलेल्यांसाठी. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात, वर लोगो, मग मोठा फोटो, आणि "आम्ही हे बनवतो" ही ओळ कमरेच्या उंचीला, जिथे टेबल आणि खुर्चीवर बसलेला आपलाच माणूस येतो.

दुसरी गोष्ट जी मला स्वतःला फार उशिरा कळली. तुमचा स्टॉल रांगेतला मधला आहे, दोन्ही बाजूंना भिंती आहेत. त्याच रस्त्याने डावीकडून चालत येणाऱ्याला तुमचा मागचा बॅनर दिसतच नाही! कागदावर वरून बघितल्यासारखा नकाशा काढून बघा, माणूस रस्त्याच्या मधोमध म्हणजे स्टॉलच्या पुढच्या रेषेपासून दीड मीटरवर चालतोय. तो तुमच्या डावीकडच्या भिंतीपासून दीड मीटर अलीकडे येईपर्यंत ती भिंत मागचा बॅनर पूर्ण झाकते, त्यानंतर बॅनर उजव्या टोकाकडून हळूहळू उघडत जातो, आणि पूर्ण दिसेपर्यंत तो माणूस तुमच्या समोर आलेला असतो. चालण्याचा वेग सेकंदाला मीटरभर धरला तर ३ मीटरचा स्टॉल तीन सेकंदांत मागे पडतो. म्हणजे मागचा बॅनर लांबून वाचणारे लोक वेगळे, ते समोरून येणारे, तुमच्यासमोर आडवा रस्ता किंवा मोकळी जागा किंवा एंट्री असेल तर. नुसती समोर दुसरी रांग असेल तर तुमच्या मागच्या बॅनरला १० मीटरवरून कुणी वाचणारच नाही, जास्तीत जास्त सहा-सात मीटर. लेआउट हातात घेऊन हे आधी ठरवा.

मग रस्त्याने येणाऱ्याला काय दिसतं? पलीकडची बाजूची भिंत. आणि तीसुद्धा पूर्ण नाही, ३ मीटर अलीकडून तिचा पुढचा निम्मा भाग दिसतो, ६ मीटरवरून तर पुढचा पाऊण मीटरच. लोक बाजूच्या भिंतींवर बारीक कॅटलॉगसारखं काहीतरी लावतात किंवा रिकाम्या सोडतात. बजेटमध्ये बसत असेल तर दोन्ही बाजूंच्या भिंतींच्या पुढच्या भागात, वरती, तुमची मुख्य ओळ लावा. मागच्या बॅनरपेक्षा ती जास्त लोक वाचतील.

आणि तुमच्या दोन स्टँडी इथे कामाला येतात. दोन्ही एकाच दिशेला तोंड करून टेबलाच्या दोन बाजूंना शोभेसारख्या उभ्या करू नका. एक उजव्या पुढच्या कोपऱ्यात, पुढच्या रेषेच्या फूटभर आत, डावीकडून येणाऱ्याकडे तोंड वळवून. दुसरी डाव्या कोपऱ्यात, उजवीकडून येणाऱ्याकडे वळवून. अशी आत ठेवलेली स्टँडी १० मीटर अलीकडूनही पूर्ण भिंतीआड जात नाही, गणित करून बघा. पुढच्या रेषेच्या बाहेर रस्त्यावर ठेवायचा मोह होतो पण ते बहुतेक ठिकाणी चालत नाही, कुणीतरी येऊन आत सरकवायला लावतं आणि मग ती कुठल्यातरी कोपऱ्यात उभी राहते. वळवायचं एवढ्यासाठी की सरळ पुढे तोंड करून ठेवलेली स्टँडी रस्त्याने येणाऱ्याला तिरकी दिसते, ६० अंश तिरकं बघितलं की रुंदी निम्मी दिसते आणि अक्षरं एकमेकांत चेपतात. याच कारणासाठी अरुंद, उभट फॉन्ट स्टॉलवर टाळा, जागा वाचते खरी पण तिरक्यातून काही कळत नाही.

आता अक्षराचं माप. डोळे तपासायच्या तक्त्यावर ६ मीटरवरून वाचायची जी ओळ असते तिची अक्षरं जवळपास ९ मिलिमीटर उंच असतात. पण ते खुर्चीवर बसून, स्थिर, चांगल्या उजेडात, डोळे ताणून. साइनबोर्डवाले त्याच्या पाच-सहा पट घेतात, दर १० फुटांना १ इंच असा त्यांचा हिशोब. हा हिशोब इंग्रजी कॅपिटल अक्षरांवर बेतलेला आहे. देवनागरीसाठी मी थोडं वाढवून सोपं करून टाकलंय: जितके मीटर लांबून वाचायचंय तितके सेंटीमीटर उंच अक्षर, १० मीटरला १० सेंटीमीटर. आणि ही उंची मोजायची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत, वरच्या वेलांट्या-मात्रा आणि खालचे उकार सोडून. पॉइंट साइजच्या भानगडीत पडू नका, एकाच पॉइंटला वेगवेगळ्या फॉन्टमधली देवनागरी वेगवेगळ्या उंचीची येते, आणि शेजारच्या इंग्रजीपेक्षा ती सहसा बारीकच दिसते. फाइलमध्ये १० सेंटीमीटर उंचीचा एक चौकोन काढा आणि "म" त्यात बरोबर बसेपर्यंत मजकूर ओढा, झालं.

वाढवून का घेतो तर देवनागरीत फरक बारीक जागी असतात. ध आणि घ, भ आणि म, ब आणि व, यांच्यातला फरक म्हणजे शिरोरेषेतली एक छोटी फट किंवा पोटातली एक रेघ. लांबून आधी तेच बुजतं. त्यामुळे सगळ्यात जाड वजनाचा फॉन्टही घेऊ नका. मी एकदा हौसेने एकदम जाडजूड फॉन्ट घेतला, स्क्रीनवर झकास दिसत होता, आणि हॉलमध्ये "ष" चं पोट बुजून काळा ठोकळा झाला. मुक्ता, हिंद यांसारख्या साध्या फॉन्टचं बोल्ड किंवा त्याच्या एक पायरी खालचं वजन पुरतं. अजून एक, इंग्रजीत करतात तसं अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते आणि शब्दाचा आकारच मोडतो, आणि लांबून माणूस आधी शब्दाचा आकार ओळखतो.

आता तुमच्याच बॅनरवर हे बसवून बघू. लांबून कळायला हवेत तीन शब्द, "पाउच पॅकिंग मशीन". कंपनीचं नाव नाही, ते फेशियावर आहेच आणि नवख्या माणसाला नावावरून काही कळत नाही. (मालकांना हे पटवणं हे या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम आहे, मी अनेकदा हरलोय.) हे तीन शब्द एका ओळीत लिहिले तर रुंदी अक्षराच्या उंचीच्या साधारण बारा पट होते, फॉन्टप्रमाणे थोडं इकडेतिकडे. बॅनर ३ मीटर, दोन्ही कडांना थोडी जागा सोडून २.४ मीटर वापरू, म्हणजे अक्षर २० सेंटीमीटरचं बसतं. वरच्या वेलांट्या आणि मात्रा धरून ओळीची जागा ३० सेंटीमीटर. ती ठेवायची जमिनीपासून २ ते २.३ मीटरच्या मध्ये, म्हणजे फेशियाखाली आणि डोक्यांच्या वर. हिशोबाने ही ओळ २० मीटरवरून वाचली जाईल, तुम्हाला लागेल त्याच्या दुप्पट, पण चालता माणूस आणि हॉलचा उजेड बघता ते जास्त नाही. तिच्या खाली, १.८ च्या जरा वर, दुसरी ओळ १० सेंटीमीटर अक्षरात. तिथे "उत्तम दर्जा, विश्वासू सेवा" वगैरे लिहू नका, ज्याला मशीन हवंय त्याचा पहिला प्रश्न काय असतो ते लिहा. तुमच्या धंद्यात बहुधा तो पाउचची साइज आणि आत काय भरायचं हा असेल, म्हणून "पावडर, दाणे, लिक्विड" किंवा "१० ग्रॅम ते १ किलो", दोन्हीतलं एकच. १.८ च्या खाली फोटो टाका, रंग टाका, काही हरकत नाही, फक्त तिथे महत्त्वाचं काही ठेवू नका.

फोटोबद्दल एकच सांगतो. स्टीलचं मशीन लांबून करड्या कपाटासारखं दिसतं, कुठलंही मशीन असू शकतं. त्यापेक्षा मशीनमधून बाहेर पडणारा भरलेला पाउच मोठा दाखवा, तो लगेच ओळखू येतो. आणि मुख्य ओळीच्या मागे फोटो नको, सपाट रंग हवा.

स्टँडीचं गणित जास्त कडक आहे. समजा ८५ सेंटीमीटर बाय २ मीटरची रोल-अप आहे. १० मीटरवरून, मध्ये गर्दी असताना, तिचा वरचा फक्त पाव मीटर दिसतो. त्यात "पाउच पॅकिंग" दोन शब्द १० सेंटीमीटर अक्षरात ७५ सेंटीमीटर रुंदीत बसतात, आणि "मशीन" बसत नाही, सोडून द्या. लोगो त्याच्या खाली. मग १.१ ते १.६ मीटरच्या पट्ट्यात, हा डोळ्यांसमोरचा भाग, तीन-चार मीटरवरून वाचायच्या तीन ओळी, चार-पाच सेंटीमीटर अक्षर. क्यूआर कोड टाकणार असाल तर तो मीटरभर उंचीच्या आसपास, तळाला नाही, वाकून कुणी स्कॅन करत नाही. एक मीटरवरून स्कॅन करायचा तर १० सेंटीमीटरचा कोड लागतो, आणि त्याच्याभोवती पांढरी मोकळी जागा सोडावीच लागते, डिझाइनमध्ये बसवायला म्हणून ती कापली की कोड अडकतो. खालचे ६० सेंटीमीटर फक्त रंग, तिथे लोकांच्या पिशव्या आणि पाय येतात. शिवाय रोल-अपचा अगदी खालचा भाग स्टँडच्या डब्यात गुंडाळला जातो, तो किती सोडायचा हे प्रिंटरला आधी विचारा, मी साधारण १५ सेंटीमीटर जास्तीचा सोडतो. फोन नंबर डब्यात गेलेली स्टँडी मी पाहिलीये, माझीच होती.

रंगाचं लोक फार विचारतात आणि मला त्यात फारसं सांगायचं नसतं. रंग वेगळे असून चालत नाही, एक उजळ आणि एक गडद असा फरक हवा. लाल अक्षर हिरव्यावर किंवा निळ्यावर डोळ्यांना खुपतं पण वाचता येत नाही, कारण दोन्ही सारखेच गडद. फाइल ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, अक्षर तेवढंच उठून दिसलं तर रंग ठीक आहे. स्क्रीनवरचे झगमगीत हिरवे-निळे छापताना मळकट होतात, तेव्हा मुख्य ओळ त्यांच्या भरवशावर ठेवू नका. ग्लॉसीपेक्षा मॅट घ्या. स्टॉलचे स्पॉटलाइट बहुतेक वेळा फेशियाच्या आतल्या बाजूला असतात आणि त्यांचा उजेड बरोबर आपल्या त्या वरच्या पट्ट्यावर पडतो, चकचकीत लॅमिनेशनवर तिथे पांढरा डाग उमटतो आणि "पॅकिंग" मधलं मधलं अक्षर गायब होतं.

छापायला देण्याआधी हे नक्की करा. बॅनरची फाइल एक दशांश साइजला छापा, ३ बाय अडीच मीटरचा बॅनर ३० बाय २५ सेंटीमीटर होतो, ए३ कागदावर बसतो. स्टँडी ए४ वर. भिंतीला लावा आणि एक मीटर लांब उभे राहा, हे बरोबर १० मीटरवरून बघितल्यासारखं आहे. मग वरचा एक सेंटीमीटर आणि १.८ च्या खालचा सगळा भाग, म्हणजे खालचे १८ सेंटीमीटर, कागदाने झाका आणि तुमच्या धंद्याशी संबंध नसलेल्या कुणालातरी तीन सेकंद दाखवून विचारा, हे लोक काय विकतात? उत्तर "पॅकिंगचं काहीतरी" असं आलं तरी पास. मग भिंतीच्या कडेला सरकून तिरकंही बघा.

फाइल देताना सगळा मजकूर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार बनवून, पीडीएफ द्या. तसं न करता दिली आणि दुसऱ्याच्या मशीनवर तो फॉन्ट नसला की जोडाक्षरं सुटी होतात, पहिली वेलांटी भलत्या अक्षरावर जाते. "पॅकिंग" मध्ये ती आहेच, तेव्हा प्रिंटरने दाखवलेल्या प्रूफमध्ये आधी तोच शब्द बघा. आणि प्रूफ त्यांच्या स्क्रीनचा फोटो म्हणून मागवला तरी चालेल, तुमच्या स्क्रीनवर बरोबर दिसणं पुरेसं नाही.

बॅनर घडी करून नेऊ नका, गुंडाळून न्या, घडीच्या रेषा दोन दिवस जात नाहीत आणि स्पॉटलाइटखाली त्यांच्या सावल्या पडतात. आदल्या संध्याकाळी लावून झालं की टेबल जागेवर ठेवा, तुमच्या दोन माणसांना ते उभे राहतील तिथे उभं करा आणि रस्त्याच्या दोन्ही टोकांकडून एकदा चालत या. स्टँडी किती अंश वळवायची हे तेव्हाच ठरतं, कागदावर नाही.

लेआउटमध्ये तुमच्या समोर रांग आहे की आडवा रस्ता ते कळवलंत तर २० सेंटीमीटरची ओळ दोन ओळींत मोडावी का ते सांगता येईल. समोर रांगच असेल तर मी मागच्या बॅनरवरचा खर्च थोडा कमी करून बाजूच्या भिंतींवर टाकेन.